प्रवासात अवघड वेळ आली तर फिंगरप्रिंट आणि फेस अनलॉक क्षणात कसं बंद करायचं

रात्रीच्या गाडीत मला गाढ झोप लागली होती. जाग आली ती अंगठ्याला काहीतरी गार लागलं म्हणून. डोळे उघडले तर समोरच्या बाकावरचा माणूस माझ्यावर वाकलेला, त्याच्या हातात माझा फोन आणि फोनच्या काचेवर माझाच अंगठा. मी हात झटकन ओढून घेतला. "खाली पडला होता, उचलून देत होतो," असं पुटपुटत त्याने फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि पुढच्या स्टेशनावर तो उतरून गेला. माझं काहीच गेलं नाही. पण त्या रात्री एक गोष्ट नीट कळली: माझ्या फोनची किल्ली माझ्या हाताला चिकटलेली आहे आणि ती वापरायला मी जागी असण्याचीही गरज नाही.

पिनचं तसं नाही. पिन डोक्यात असतो, तो तुम्ही सांगितल्याशिवाय किंवा टाइप केल्याशिवाय बाहेर येत नाही. बोट मात्र कुणी धरून काचेवर टेकवू शकतं, फोन कुणी तुमच्या तोंडासमोर धरू शकतं. रोजच्या वापरात फिंगरप्रिंट आणि फेस अनलॉक सोयीचं असतं आणि ते कायमचं बंद करा असं मी कुणाला सांगणार नाही. फक्त ते गरजेपुरतं, एका झटक्यात बंद करता आलं पाहिजे. तशी सोय आयफोनमध्येही आहे आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्येही. पण ती हाताच्या सवयीची नसेल तर ऐन वेळी आठवत नाही. म्हणून हा लेख फोन हातात घेऊन वाचा आणि जे लिहिलंय ते लगेच करून बघा.

आयफोन: दोन्ही बाजूंनी दाबून धरा

आयफोन 8 आणि त्यानंतरच्या सगळ्या आयफोनमध्ये कृती एकच आहे. उजव्या कडेचं साइड बटण आणि डाव्या कडेचं आवाजाचं कोणतंही एक बटण एकाच वेळी दाबा आणि साधारण 2 सेकंद धरून ठेवा. फोन मुठीत घेऊन दोन्ही कडांनी चिमटा काढल्यासारखं. स्क्रीनवर फोन बंद करण्याची पट्टी आणि तिच्याखाली इमर्जन्सी कॉलची पट्टी दिसते, त्याच वेळी हाताला एक थरथर जाणवते. ती थरथर जाणवली की बोटं सोडा. इथेच काम झालेलं असतं. पट्टी सरकवायची नाही, काही निवडायचं नाही. ही स्क्रीन नुसती समोर आली की फोन स्वतःला कुलूप लावतो आणि आता पासकोड टाकल्याशिवाय चेहरा किंवा बोट ओळखायला नकार देतो. शेवटी साइड बटण एकदा दाबून स्क्रीन काळी करा.

त्या थरथरीमुळेच ही कृती प्रवासात उपयोगी पडते. फोन बाहेर काढावा लागत नाही. हात जॅकेटच्या खिशात किंवा पर्समध्ये असतानाच दाबता येतं आणि झालं की नाही ते बोटांना कळतं.

पहिल्यांदा करताना बहुतेकांचं चुकतं आणि ते ठरावीक तीन जागी चुकतं. पहिली चूक म्हणजे बटणं फार लवकर सोडणं. साइड बटण आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून लगेच सोडलं तर स्क्रीनशॉट निघतो. तो आवाज आला किंवा स्क्रीन क्षणभर लखलखली, तर समजा की कुलूप लागलेलं नाही. म्हणून मी आवाज कमी करायचं बटण वापरते, त्याने स्क्रीनशॉटचा गोंधळ होत नाही. दुसरी चूक म्हणजे फक्त साइड बटण दाबलं जाणं. मग पट्ट्या येण्याऐवजी सिरी उघडते. तिसरी चूक नव्या मॉडेलवर होते. काही आयफोनमध्ये आवाजाच्या बटणांच्या वर आणखी एक बटण असतं, अ‍ॅक्शन बटण. खिशात चाचपडताना बोट त्याच्यावर जातं. डाव्या कडेला वरून खाली बोट फिरवून आवाजाची बटणं कुठे सुरू होतात हे एकदा हाताला शिकवून ठेवा.

चौथी गोष्ट चूक म्हणण्यापेक्षा धोका आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. थरथर आल्यावरही बटणं दाबूनच ठेवली तर फोन समजतो की तुम्हाला मदत हवी आहे. स्क्रीनवर उलटी मोजणी सुरू होते, मोठ्याने भोंगा वाजतो आणि मोजणी संपून बटणं सोडली की इमर्जन्सी नंबरला कॉल लागतो. एका शांत प्रतीक्षागृहात सराव करताना माझ्या फोनचा भोंगा वाजला तेव्हा शेजारच्या बाकावरचं लहान मूल घाबरून रडायला लागलं होतं. तपासणी चालू असताना तो वाजला तर काय होईल, याचा विचार करा. हे टाळायचं असेल तर Settings मध्ये Emergency SOS उघडा आणि Call with Hold and Release बंद करा. पट्ट्यांची स्क्रीन तरीही येते, कुलूपही लागतं, फक्त आपोआप कॉल लागत नाही. याच पानावर Call Quietly नावाची सोय असेल तर तीही बघून घ्या. तिने भोंगा वाजत नाही. एकट्याने प्रवास करणाऱ्या कुणाला मदतीचा कॉल अशा पद्धतीने लागायला हवा असेल तर त्यांनी पहिली सोय चालू ठेवावी आणि थरथर येताच बोटं उचलायची सवय पक्की करावी. दोन्ही निर्णय योग्यच आहेत, पण घरी बसून घ्या.

आयफोन 7 किंवा त्याआधीचा फोन असेल तर दोन बटणांचा चिमटा चालत नाही. तिथे पॉवरचं बटण पटापट 5 वेळा दाबायचं, तशाच पट्ट्या येतात. भारतात मात्र 3 वेळा दाबताच थेट इमर्जन्सी कॉल लागू शकतो.

आता झालं की नाही हे तपासायची खात्रीची पद्धत एकच. चिमटा काढा, स्क्रीन काळी करा आणि मग फोन नेहमीसारखा स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरा. कुलूप उघडलं तर काहीतरी चुकलं. बरोबर झालं असेल तर फोन चेहऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही, वर सरकवलं की सरळ आकड्यांची स्क्रीन येते आणि Face ID पुन्हा चालू करायला पासकोड लागेल असं सांगते. पासकोड टाकला की सगळं पूर्ववत. म्हणजे सेटिंग्जमध्ये काहीही बदललेलं नसतं, हे एकदाच लागणारं कुलूप आहे.

आणि म्हणूनच एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. चिमटा काढल्यानंतर तिकीट दाखवायला म्हणून तुम्ही पासकोड टाकून फोन उघडलात, तर चेहरा आणि बोट पुन्हा चालू झालं. तिकीट दाखवून झालं की परत चिमटा काढायचा. नवख्या लोकांकडून हेच हमखास राहून जातं.

अँड्रॉइड: Lockdown शोधून ठेवा

अँड्रॉइडमध्ये हेच काम करणाऱ्या बटणाचं नाव Lockdown आहे. 2018 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 9 पासून ते आहे. फोन बंद करताना जो छोटा मेनू येतो, त्यात ते दिसतं. ते दाबलं की फोन लगेच लॉक होतो, फिंगरप्रिंट आणि फेस अनलॉक बंद पडतं, लॉक स्क्रीनवरचे मेसेज झाकले जातात आणि घरी असताना किंवा ओळखीचं ब्लूटूथ जवळ असताना फोन आपोआप उघडा राहण्याची जी सोय असते तीही थांबते. पुढच्या वेळी पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड टाकेपर्यंत हे टिकतं.

अडचण अशी की प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या कोपऱ्यात ठेवलंय. पिक्सेलवर पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबलं की मेनू येतो आणि त्यात Lockdown असतं. सॅमसंगवर ते बऱ्याचदा आधी चालू करावं लागतं: Settings मध्ये Lock screen, त्यात Secure lock settings आणि तिथे Show Lockdown option. मग बंद करण्याच्या मेनूमध्ये ते दिसू लागतं. साइड बटण दाबून धरल्यावर मेनूऐवजी व्हॉइस असिस्टंट उघडत असेल तर साइड बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र क्षणभर दाबून धरा. बाकी फोनवर Settings मधल्या शोधाच्या चौकटीत lockdown एवढं टाइप करून बघा. काहीच सापडलं नाही तर तुमच्या फोनमध्ये ती सोय नाही असं धरा आणि पुढचा भाग नीट वाचा. फोनला पिन किंवा पासवर्ड लावलेलाच नसेल तर Lockdown दिसणार नाही हे उघड आहे, कारण कुलपाला किल्लीच नाही.

तपासायची रीत तीच: Lockdown दाबा, मग नेहमीचं बोट टेकवा. फोन उघडता कामा नये.

एक फरक मात्र स्पष्ट सांगायला हवा. आयफोनचा चिमटा खिशात काढता येतो, अँड्रॉइडचं Lockdown स्क्रीनकडे बघूनच दाबावं लागतं. समोर कुणी उभं असताना फोन बाहेर काढून मेनू उघडणं ही वेगळीच गोष्ट होते. म्हणून अँड्रॉइडवाल्यांनी ते जरा आधी करायची सवय लावावी: रांगेत उभं राहतानाच, झोपायच्या आधीच, अनोळखी टॅक्सीत बसतानाच.

आणि नावावरून होणारा एक घोळ. आयफोनमध्येही Lockdown Mode नावाचं काहीतरी आहे. 2022 मध्ये आयओएस 16 बरोबर ते आलं. त्याचं काम पूर्ण वेगळं: हेरगिरीच्या सॉफ्टवेअरपासून बचाव म्हणून ते मेसेजमधल्या बहुतेक जोडण्या, वेबपानांची काही तंत्रं वगैरे रोखतं. चेहरा ओळखणं ते बंद करत नाही. "मी आयफोनवर लॉकडाउन लावलंय, आता बोट चालणार नाही," असं निर्धास्तपणे म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांचा फोन चेहऱ्याने आरामात उघडत होता.

सगळ्यात भक्कम उपाय: फोन पूर्ण बंद

आतापर्यंत सांगितलं ते समोरच्या माणसापासूनचं रक्षण आहे. फोन तुमच्या नजरेआड नेला जाणार असेल, केबल लावून आतली माहिती काढण्याचं यंत्र जोडलं जाण्याची शक्यता असेल, तर चिमटा किंवा Lockdown पुरेसं नाही. कारण समजून घ्यायला सोपं आहे.

फोन चालू केल्यावर तुम्ही पहिल्यांदा पासकोड टाकता, तेव्हा आतल्या बहुतेक माहितीच्या किल्ल्या फोनच्या चालू स्मृतीत येतात. म्हणून तर फोन लॉक असतानाही मेसेज येतात, फोन करणाऱ्याचं नाव दिसतं, गाणं चालू राहतं. चिमट्याने फक्त दार लागतं, त्या किल्ल्या आतच राहतात. फोन पूर्ण बंद केला की त्या पुसल्या जातात आणि पुन्हा चालू करून पहिल्यांदा पासकोड टाकेपर्यंत परत येत नाहीत. या अवस्थेतल्या फोनमधून माहिती काढणं कितीतरी कठीण असतं. म्हणूनच आयओएस 18.1 पासून आयफोन सलग 3 दिवस उघडला नाही तर स्वतःच रीस्टार्ट होतो आणि 2025 मध्ये गूगलने अँड्रॉइडलाही तशीच सोय आणली.

ही अवस्था ओळखताही येते. नुकत्याच चालू झालेल्या, अजून न उघडलेल्या फोनवर ओळखीच्या माणसाचा कॉल आला तर नाव न येता नुसता नंबर दिसतो, कारण संपर्कयादीच अजून कुलपात आहे. घरी एकदा मुद्दाम रीस्टार्ट करून दुसऱ्या फोनवरून कॉल लावून बघा. मला स्वतःला सगळा फरक त्या एका कॉलने कळला.

ज्या अँड्रॉइडमध्ये Lockdown नाही, त्यांच्यासाठी रीस्टार्ट हाच मार्ग, कारण रीस्टार्टनंतर कोणताही फोन पहिल्यांदा बोट किंवा चेहरा मान्य करत नाही. आणि हे खिशातही जमतं. सॅमसंगवर साइड बटण आणि आवाज कमी करायचं बटण 7 सेकंदांहून थोडं जास्त दाबून धरलं की फोन जबरदस्तीने रीस्टार्ट होतो. पिक्सेलवर पॉवरचं बटण साधारण 30 सेकंद धरावं लागतं, म्हणजे धीर हवा. रीस्टार्टला मिनिटभर लागू शकतं आणि तेवढ्या वेळात कॉल, नकाशा, तिकीट काहीच हाताशी नसतं, हा त्याचा तोटा.

एक प्रसंग, सुरुवातीपासून

समजा दोघं जण रात्रीच्या गाडीने एका देशातून दुसऱ्या देशात चालले आहेत. एकाकडे आयफोन, दुसरीकडे सॅमसंग. दोघांची तिकिटं फोनमध्ये. सीमेवर तपासणी होणार हे माहीत आहे, पण नेमकी किती वाजता ते नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी दोघं तिकिटं आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर छापून पासपोर्टमध्ये ठेवतात. या एका कागदाने निम्मं काम होतं. तपासनीसाला काही दाखवायला फोन उघडायची वेळच येत नाही, आणि फोन उघडून दुसऱ्याच्या हातात देणं हीच सगळ्यात कमकुवत जागा असते. त्याच वेळी सॅमसंगवर Show Lockdown option चालू केलं जातं आणि दोघं आपापला पिन बघतात. चार आकडी असेल तर निदान सहा आकडी करतात. जन्मतारीख नाही, गाडीचा नंबर नाही. नवा पिन दोन दिवस बोटाऐवजी मुद्दाम वापरायचा, म्हणजे तो बोटांत बसतो. बोटावरच जगणारी माणसं आपलाच पिन विसरतात.

गाडीत बसल्यावर झोपण्याआधी आयफोनवाला चिमटा काढतो, ती Lockdown दाबते. आता झोपेत कुणी बोट टेकवलं तरी उपयोग नाही.

पहाटे गाडी थांबते, डब्यात उजेड होतो, शेवटच्या दारातून गणवेशातली माणसं चढताना दिसतात. अजून दोन-तीन मिनिटं आहेत. दोघं फोन पूर्ण बंद करतात. आयफोनवर तोच चिमटा, पण आता वरची पट्टी सरकवून. सॅमसंगवर मेनूतून बंद करण्याचं बटण. फोन खिशात, हातात पासपोर्ट आणि कागद.

आता दुसरी शक्यता. दोघं जागे होतात तेव्हा तपासनीस समोरच उभा आहे. अशा वेळी आयफोन आधीच कुलपात आहे, कारण झोपताना चिमटा काढला होता. खिशात हात घालायची गरजच नाही. "हात दिसतील असे ठेवा," असं कुणी म्हणालं की फोन विसरा. हत्यार बाळगणाऱ्या घाबरलेल्या माणसासमोर खिशात चाचपडणं हे फोनमधल्या कोणत्याही माहितीपेक्षा जास्त धोक्याचं आहे. फोन हातातून घेतला गेला तर ओढाताण करायची नाही. आणि एकदा फोन मागितला गेल्यावर त्यातलं काही पुसायला बसायचं नाही. अनेक ठिकाणी तो पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा ठरू शकतो. कुलूप लावणं वेगळं, पुसणं वेगळं.

कुलूप कुठपर्यंत पुरतं

बोट बंद केलं म्हणजे कायद्याने तुम्ही मोकळे, असं नाही. हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत 2024 मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे देशाच्या पश्चिम भागाच्या, अपील न्यायालयाने एका खटल्यात पोलिसांनी आरोपीचा अंगठा जबरदस्तीने लावून फोन उघडणं ग्राह्य धरलं, तर 2025 च्या जानेवारीत राजधानी वॉशिंग्टन डी.सी.च्या अपील न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात नेमका उलट निर्णय दिला. पासकोड तोंडाने सांगायला लावणं तिथे साधारणपणे जास्त अवघड मानलं जातं. पण सीमेवर नियम निराळे. तिथे अमेरिकी नागरिकाला पासकोड न दिल्याबद्दल देशात येण्यापासून अडवता येत नाही, मात्र त्याचा फोन ठेवून घेतला जाऊ शकतो; परदेशी पाहुण्याला प्रवेशच नाकारला जाऊ शकतो. न्यूझीलंडमध्ये 2018 च्या सीमाशुल्क कायद्यानुसार मागितल्यावर पासवर्ड न देणाऱ्याला 5,000 न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड आहे. ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायद्याच्या सातव्या परिशिष्टाखाली विमानतळावर थांबवलेल्या माणसाने पासवर्ड नाकारला तर तो गुन्हा ठरू शकतो.

तेव्हा चिमट्याने मिळतं ते एवढंच: फोन उघडायचा की नाही हा निर्णय तुमच्या बोटावरून तुमच्या तोंडापर्यंत येतो. नाही म्हणायचं की हो म्हणायचं, त्याची किंमत काय, हे त्या देशाचा नियम बघून निघण्याआधी ठरवा. खोटं मात्र बोलू नका. "हा फोन माझा नाही", "पासकोड विसरलो" असली वाक्यं साध्या नकारापेक्षा महाग पडतात. ज्यांच्या फोनमध्ये दुसऱ्यांची गुपितं असतात, म्हणजे वकील, डॉक्टर, पत्रकार, त्यांनी तर ती माहिती असलेला फोन बरोबर न नेणंच उत्तम. जे फोनमध्ये नाही ते कुठल्याही कुलपाशिवाय सुरक्षित असतं.

लुटारूंची गोष्ट आणखी वेगळी. सुरा दाखवून पिन मागणाऱ्याला पिन द्या. त्याच्यासमोर चिमटा काढून त्याला चिडवण्यात शहाणपण नाही. तिथे बचाव आधीच केलेला हवा. आयफोनवर आयओएस 17.3 पासून Stolen Device Protection आहे. ते चालू असेल तर नेहमीच्या जागांपासून दूर असताना नुसत्या पासकोडने साठवलेले पासवर्ड बघता येत नाहीत, आणि अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड बदलायचा तर चेहरा किंवा बोट लागतं, शिवाय तासभर थांबावं लागतं. म्हणजे इथे चेहराच तुमच्या बाजूने उभा राहतो. म्हणून चेहरा आणि बोट कायमचं काढून टाकू नका, असं मी आधीच म्हटलं.

पिन टाइप करण्याचाही एक धोका आहे. बोट बंद केलं की चारचौघांत आकडे टाकावे लागतात आणि मागून कुणीही ते वाचू शकतं. भिंतीला पाठ लावा, दुसऱ्या हाताने स्क्रीन झाका, डोक्यावर कॅमेरा दिसला तर जागा बदला.

फोन परत मिळाल्यावर

फोन काही मिनिटं जरी नजरेआड गेला असेल आणि तो तुम्ही उघडून दिला असेल, तर एक तपासणी जरूर करा. फिंगरप्रिंटच्या सेटिंग्जमध्ये नोंदवलेल्या बोटांची यादी बघा: तुम्ही तीन बोटं नोंदवली होती आणि यादीत चार दिसतात का? आयफोनवर Face ID & Passcode मध्ये Set Up an Alternate Appearance हा पर्याय तुम्ही कधीच वापरला नव्हता आणि आता तो दिसतच नाही, तर दुसरा चेहरा कुणीतरी नोंदवलेला आहे. शंका आली की आधी पिन बदला, मग Reset Face ID करा, बोटं पुसून नव्याने नोंदवा. हा क्रम उलटा करू नका. जुना पिन ज्याला कळला आहे तो तुमच्या पाठीमागे स्वतःचं बोट पुन्हा टाकू शकतो.